‘कुत्री भुंकतात’ हे वाक्य खरं कशामुळे ठरतं, ते कसं तपासावं

‘कुत्री भुंकतात’ या वाक्यावर कुणी हरकत घेत नाही. पण ‘किती कुत्री?’ असं विचारलं की पंचाईत होते. ‘सर्व’, ‘काही’, ‘बहुतेक’ या शब्दांना तर्कशास्त्रात संख्यापक म्हणतात, आणि या वाक्यात त्यातला एकही नाही. तरी वाटतं, एखादा लपून बसला असणार. तो सापडला की वाक्य कधी खरं आणि कधी खोटं, हे ठरून जाईल. तो शोध घरबसल्या घेता येतो. तो नेमका कुठं अडतो, हेच त्यातलं पाहण्यासारखं.

पायरी 1: वाक्य जेनेरिक आहे ना, ते बघा

‘कुत्री भुंकताहेत’ हे वाक्य आत्ता भुंकणाऱ्या चारदोन कुत्र्यांबद्दल आहे. ‘कुत्री भुंकतात’ हे कुत्र्याच्या जातीबद्दल; अशा वाक्याला जेनेरिक म्हणतात. मराठीत क्रियापद बराचसा फरक दाखवतं, पण बोलताना आपण ‘बघ, बाहेर कुत्री भुंकतात’ असंही म्हणतो. म्हणून जास्त भरवशाची कसोटी अशी: ‘कुत्री’ काढून ‘प्राणी’ घाला. कुत्री भुंकताहेत, म्हणजे काही प्राणी भुंकताहेत. हे बरोबर निघतं. पण कुत्री भुंकतात, म्हणून ‘प्राणी भुंकतात’ असं कुणी म्हणणार नाही. शब्द व्यापक केल्यावर वाक्य बिघडलं, तर ते जेनेरिक असण्याची शक्यता मोठी.

‘डायनोसॉर नामशेष झाले’ यासारखी वाक्यं बाजूला ठेवा. एकटा डायनोसॉर मरतो, नामशेष होत नाही; तिथं मोजणीला सुरुवातच करता येत नाही.

मराठीत आणखी एक खड्डा आहे. इंग्रजी लेखनात ‘सिंहांना आयाळ असते’ हे उदाहरण नेहमी येतं, कारण आयाळ फक्त नरांना असूनही वाक्य खरं वाटतं. आपल्याकडे सिंहीण हा वेगळा शब्द असल्यामुळे ऐकणारा ‘सिंह’ म्हणजे नरच धरू शकतो, आणि उदाहरणातली गंमत निघून जाते. लिंगावर बेतलेलं उदाहरण हवं असेल तर नपुंसकलिंगी नाव घ्या: बदक, पाखरू, मांजर.

पायरी 2: एकेक संख्यापक घालून पाहा

‘सर्व’ लगेच पडतो. बसेंजी नावाची आफ्रिकी जात सहसा भुंकत नाही, पण तिचं नाव सांगून ‘कुत्री भुंकतात’ खोडता येत नाही. अपवाद पोटात घेऊन वाक्य शाबूत राहतं.

‘काही’ फारच सैल आहे. काही कुत्री तीन पायांची असतात, तरी ‘कुत्र्यांना तीन पाय असतात’ हे खोटंच.

उरला ‘बहुतेक’. बरेच जण इथं थांबतात, कारण कुत्र्यांच्या बाबतीत तो चपखल बसतो. म्हणून इथं कुत्री सोडा आणि बदकं घ्या.

पायरी 3: जोडीची कसोटी लावा

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा:

बदकं अंडी घालतात.
बदकं मादी असतात.

पहिलं खरं, दुसरं खोटं. मराठी बोलणारा कुणीही हेच सांगेल. आता मोजा. अंडी घालणारं प्रत्येक बदक मादी असतं. उलट प्रत्येक मादी अंडी घालतेच असं नाही. काही पिल्लं आहेत, काही वयात येण्याआधीच मरतात. म्हणजे अंडी घालणाऱ्यांचा गट माद्यांच्या गटाच्या आत आहे आणि त्याहून लहान आहे. लहान गटाबद्दलचं वाक्य खरं आणि मोठ्या गटाबद्दलचं खोटं!

याचा फटका एकट्या ‘बहुतेक’ला बसत नाही. ‘अमुक टक्क्यांहून जास्त’ असा कोणताही उंबरठा घ्या, 50 टक्के, 10 टक्के किंवा 1 टक्का. अंडी घालणारी बदकं तो ओलांडत असतील, तर माद्याही ओलांडतातच. त्यामुळे पहिलं वाक्य खरं आणि दुसरं खोटं ठरवणारा उंबरठा असूच शकत नाही. मला या विषयात यापेक्षा नेटका युक्तिवाद दिसलेला नाही.

पायरी 4: क्षेत्र आखडून वाचवता येतं का, पाहा

यावर हुशार उत्तर असं: सगळी बदकं मोजूच नका, मोजणीचं क्षेत्र आखडा. ‘अंडी घालतात’ हे पिल्लं कशी जन्माला घालतात या प्रश्नाचं उत्तर आहे, तेव्हा या ना त्या प्रकारे पिल्लं जन्माला घालणारीच बदकं मोजा. त्यातली बहुतेक अंडी घालतात. ‘मादी असतात’ला पर्याय फक्त ‘नर असतात’ हा. त्यात सगळीच बदकं येतात, आणि ‘बहुतेक’ मादी काही निघत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ एरियल कोहेन यांनी या धर्तीची मांडणी केली आहे, आणि बदकांपुरती ती खरोखर चालते.

आता ‘डास मलेरिया पसरवतात’ घ्या. नर डास चावत नाहीत. माद्यांमध्येही फक्त अ‍ॅनोफिलीस वंशातल्या काही प्रजाती हा आजार पसरवतात. त्यातलीही एखादी मादी आधी रोगी माणसाला चावायला हवी आणि परजीवी तिच्या अंगात वाढेपर्यंत, म्हणजे साधारण 10 दिवस किंवा जास्त, जगायला हवी. उरतात ते अगदी थोडे डास. ठीक, क्षेत्र आखडून फक्त रोग पसरवणारे डास घेऊ. पण ‘डास डेंग्यू पसरवतात’ हेही खरं आहे, आणि डेंग्यूचा डास एडिस, मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस. एकाच गटातले बहुतेक डास मलेरियावाले आणि बहुतेक डेंग्यूवाले, असं होणं शक्य नाही. पहिल्या वाक्याला फक्त अ‍ॅनोफिलीस आणि दुसऱ्याला फक्त एडिस मोजायचे म्हटलं, तर उत्तर आधी ठरवून क्षेत्र नंतर कापल्यासारखं होतं. आपल्या तपासात ही चोरी होतेय का, ते ओळखायला एक प्रश्न पुरे: वाक्य खरं आहे की खोटं हे माहीत नसताना मी हेच क्षेत्र निवडलं असतं का?

कोहेन यांच्याकडे दुसरी वाट आहे: इतर कीटकांपेक्षा डासाने मलेरिया पसरवण्याची शक्यता जास्त, म्हणून वाक्य खरं. डासांना हे लागू पडतं. पण समजा, गाड्यांखाली सापडून पाय गमावण्याचं प्रमाण इतर प्राण्यांपेक्षा कुत्र्यांत जास्त आहे. म्हणून ‘कुत्र्यांना तीन पाय असतात’ खरं होईल? माझ्या कानाला तरी नाही.

पायरी 5: आकडा सोडून नातं विचारा

तत्त्वज्ञ सारा-जेन लेस्ली यांचं म्हणणं असं, की जेनेरिक वाक्य मुळात मोजणीचं नाहीच. अंडी घालणं हे त्या जातीच्या प्रजननाच्या रीतीत बसतं, म्हणून अल्पसंख्य असूनही चालतं. मलेरिया घातक आहे, म्हणून थोडे डासही पुरतात. मात्र उरलेल्यांचं त्या गुणाशी उघड वैर नसावं लागतं. नर बदक अंडी घालत नाही हे खरं, पण त्याचं नर असणं म्हणजे प्रजननाची दुसरी रीत नव्हे. या मांडणीलाही आक्षेप आहेत, विशेषतः ‘घातक’ कुणी ठरवायचं यावर.

तपास दुसऱ्यांवर करणार असाल तर एक धोका लक्षात ठेवा. लेस्ली आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनेक प्रौढांनी ‘सर्व बदकं अंडी घालतात’ हेसुद्धा खरं म्हटलं. नर अंडी घालत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ‘सर्व’ ऐकूनही त्यांनी जेनेरिक वाक्यालाच उत्तर दिलं. तेव्हा मित्राने ‘सर्व’ला होकार भरला, तर लगेच टिपून घेऊ नका. ‘नर बदकंही?’ एवढं विचारा आणि तो आपलं उत्तर मागे घेतो का, ते पाहा.