भावंडांशी नको, मुलाच्या स्वतःच्या रेषेशी तुलना करा

नात्यातलं त्याच वयाचं मूल अंगाने मोठं दिसलं की जीव धास्तावतो. अशा वेळी लसीकरणाच्या कार्डावरची जुनी वजनं काढा आणि वाढीच्या तक्त्यावर वयासमोर एकेक ठिपका देऊन जोडा. मुलींचा आणि मुलांचा तक्ता वेगळा असतो, तेवढं बघा.

समजा, मुलीचं वजन वर्षाची असताना 7.9 किलो, दीड वर्षाला 9 आणि दोन वर्षांना 10.1. तिन्ही ठिपके 15व्या पर्सेंटाइलच्या रेषेवर येतात. म्हणजे शंभरातल्या साधारण 15 मुली तिच्याहून हलक्या असतात. ती लहानखुरी आहे, पण तिची वाढ नीट चालली आहे.

रेष आडवी झाली किंवा खालच्या रेषा ओलांडू लागली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.