'मी पोहे खाल्लो' की 'मी पोहे खाल्ले'? भूतकाळातलं क्रियापद कसं जुळवावं

नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि इथे मराठी-हिंदीचा शेजार तेव्हापासूनच घट्ट आहे. त्यामुळे बर्डीवर 'मी पोहे खाल्लो' हे वाक्य सहज कानावर पडतं. वर्तमान आणि भविष्यकाळात अशी चूक फारशी होत नाही. सगळी अडचण भूतकाळात आहे, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच काळावर आहे.

आधी सोपा भाग: जाणे

'जाणे'ला कर्म नसतं, त्यामुळे क्रियापद तिन्ही काळांत कर्त्याप्रमाणेच चालतं.

| कर्ता | वर्तमान | भूत | भविष्य |
|---|---|---|---|
| मी (पुरुष) | जातो | गेलो | जाईन |
| मी (स्त्री) | जाते | गेले | जाईन |
| तू (पुरुष) | जातोस | गेलास | जाशील |
| तू (स्त्री) | जातेस | गेलीस | जाशील |
| तो | जातो | गेला | जाईल |
| ती | जाते | गेली | जाईल |
| ते (मूल) | जातं | गेलं | जाईल |
| आम्ही | जातो | गेलो | जाऊ |
| तुम्ही | जाता | गेलात | जाल |
| ते (मुलगे) | जातात | गेले | जातील |
| त्या (मुली) | जातात | गेल्या | जातील |
| ती (मुलं) | जातात | गेली | जातील |

भविष्याच्या रकान्यात लिंगभेद कुठेच नाही. बाई असो वा पुरुष, दोघंही 'जाईन'च म्हणतात. 'मी गेली' हे विदर्भात घरोघरी बोललं जातं आणि बोलीत ते चालतं. पण अर्ज, परीक्षा किंवा बातमी लिहिताना स्त्रीने 'मी गेले' लिहावं.

आता खरा पेच: खाणे

'खाणे'ला कर्म लागतं. भूतकाळात असं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माप्रमाणे बदलतं.

| काय खाल्लं | एक | अनेक |
|---|---|---|
| पुल्लिंगी | लाडू खाल्ला | लाडू खाल्ले |
| स्त्रीलिंगी | पोळी खाल्ली | पोळ्या खाल्ल्या |
| नपुंसकलिंगी | संत्रं खाल्लं | संत्री खाल्ली |

'लाडू' एक असो की चार, शब्द तोच राहतो; किती खाल्ले ते फक्त क्रियापदावरून कळतं. उलट 'खाल्ली' एका पोळीलाही लागतं आणि अनेक संत्र्यांनाही. नागपुरात पुष्कळ जण 'संत्रा खाल्ला' म्हणतात. तिथे नाम पुल्लिंगी धरलं म्हणून क्रियापदही पुल्लिंगी झालं, म्हणजे जुळणी बरोबरच आहे.

कर्ता 'तू' असेल तर कर्माप्रमाणे आलेल्या रूपाला वर 'स' जोडायचा: तू लाडू खाल्लास, पोळी खाल्लीस, संत्रं खाल्लंस. 'तुम्ही'ला 'त' जोडायचा: तुम्ही पोळी खाल्लीत.

चूक होते ती 'मी'मुळे. 'त्याने', 'ताईने' यांतला 'ने' कानाला ऐकू येतो आणि बोलणारा सावध होतो. 'मी' मात्र 'मी जातो'मध्ये आणि 'मी पोळी खाल्ली'मध्ये अगदी सारखाच दिसतो, म्हणून 'गेलो'च्या चालीवर 'खाल्लो' तोंडात येतं. शिवाय 'मी पोहे खाऊन राहिलो' हे नागपुरी वाक्य रोजचं आहे. त्यात शेवटचं क्रियापद 'राहणे' आहे, ते अकर्मक आहे, म्हणून ते कर्त्याकडे पाहतं. तीच चाल 'खाल्ले'ला लावली की वाक्य बिघडतं.

स्त्रियांच्या बोलण्यात ही चूक लपून राहू शकते. 'मी पोहे खाल्ले' बरोबर आहे, कारण पोहे अनेकवचनी आहेत. पण बोलणारीने ते 'मी गेले'च्या चालीवर म्हटलं असेल, तर फक्त योगायोगाने बरोबर आलं. अशा वेळी पोह्यांच्या जागी सांबारवडी घालून पाहा. 'मी सांबारवडी खाल्ली' आलं तर नियम बसला आहे. 'खाल्ले' आलं तर नाही.

तीन प्रश्न, याच क्रमाने

1. हे क्रियापद कर्माकडे पाहणारं आहे का? 'जाणे, येणे, झोपणे' नाहीत. कर्म असूनही कर्त्याकडेच पाहणारी थोडी क्रियापदं आहेत, ती पाठच करावी लागतात: विसरणे, शिकणे, बोलणे, भेटणे, नेसणे. मी छत्री विसरलो, ती मराठी शिकली, तो खोटं बोलला, ती साडी नेसली. 'पिणे' दोन्हीकडे चालतं: 'मी चहा प्यायलो' आणि 'मी चहा प्यायला'.
2. कर्माला 'ला' किंवा 'ना' लागला आहे का? लागला असेल तर क्रियापद कोणाकडेच पाहत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं: तिने मुलीला पाहिलं, मी मुलांना पाहिलं. हिंदीत अशा ठिकाणी पुल्लिंगी 'देखा' येतं. त्या सवयीने 'मुलीला पाहिला' होतं, ते टाळा.
3. 'ला' नसेल तर कर्माचं लिंग आणि वचन काय? त्याप्रमाणे शेवट लावा.

पहिल्या प्रश्नाला हिंदीवरून उत्तर काढू नका. हिंदीत 'लाना'ला 'ने' लागत नाही, मराठीत 'आणणे'ला लागतो. म्हणून 'मी पुस्तक आणलो' चूक, 'मी पुस्तक आणलं' बरोबर. 'शिकणे'चं नेमकं उलट आहे: हिंदीत 'मैंने सीखा', मराठीत 'मी शिकलो'. लिंगही तपासून घ्या. हिंदीतली 'चाय' स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'चहा घेतला'. हिंदीत 'आवाज़ आई', मराठीत 'आवाज आला'.

एक वाक्य फिरवून पाहू

'ताईने काटोलहून संत्री आणली.' ताईच्या जागी बाबा आले: 'बाबांनी संत्री आणली.' क्रियापद जागचं हललं नाही. आता कर्म बदला: 'बाबांनी पेट्या आणल्या', 'बाबांनी एक पेटी आणली', 'बाबांनी गूळ आणला'. कर्माला 'ला' लावा: 'बाबांनी भाचीला आणलं.' भाच्या दोन असल्या तरी 'भाच्यांना आणलं'च. शेवटी क्रियापद बदला: 'बाबा पेटी विसरले', 'ताई पेटी विसरली'. इथे 'ने' गेला आणि क्रियापद पुन्हा कर्त्याकडे वळलं.

सराव

पहिला सराव: कर्ता 'मी' ठेवून मोठ्याने म्हणा: भात, भाजी, दही, भाकरी, वडे, केळी. ओळीने उत्तरं: खाल्ला, खाल्ली, खाल्लं, खाल्ली, खाल्ले, खाल्ली. 'केळी' अनेकवचनी आहे. एकच असेल तर 'केळं खाल्लं'.

दुसरा सराव: 'पोळी' कायम ठेवा आणि कर्ता बदला: मी, तू, त्याने, आम्ही, तुम्ही, काकूंनी. 'तू'ला 'खाल्लीस' आणि 'तुम्ही'ला 'खाल्लीत' येईल, बाकी सगळीकडे 'खाल्ली'. यात कुठे 'खाल्लो' आलं तर पुन्हा पहिल्या सरावाकडे वळा.

तिसऱ्यात सगळं मिसळलं आहे. कंसातलं क्रियापद भूतकाळात लिहा.

1. मी (पुरुष) इतवारीतून दोन पिशव्या (आणणे).
2. काकू काल महालात (येणे).
3. तू दार (उघडणे)?
4. त्याने बहिणींना स्टेशनवर (सोडणे).
5. मी (स्त्री) चष्मा घरी (विसरणे).
6. आम्ही फुटाळ्यावर मक्याची कणसं (खाणे).

उत्तरं: 1. आणल्या. 2. आल्या, काकू एकच आहेत, पण आदरासाठी क्रियापद अनेकवचनी. 3. उघडलंस. 4. सोडलं, बहिणी कितीही असोत, 'ना'मुळे क्रियापद थांबलं. 5. विसरले, चष्म्याचा इथे काही संबंध नाही. 6. खाल्ली, कणसं नपुंसकलिंगी अनेकवचनी, संत्र्यांसारखीच.