तिसरीच्या वाचनाला सातवीचा दादा: या चुका टाळा

शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांचं वाचन घ्यायचं ठरतं, जोड्या लागतात आणि पंधरा दिवसांत दिसतं की वाचतोय दादाच, धाकटा नुसता मान डोलावतोय. मोठ्या मुलांचा यात दोष नाही. धाकटा अडला की शब्द सांगून मोकळं व्हायचं, यालाच ती शिकवणं समजतात, कारण थांबायचं कसं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

समजा वाक्य आहे, ‘पावसात रस्त्यावर मोठा खड्डा पडला.’ धाकटा ‘मोठा ख...’ म्हणून अडला. दादाने मनात पाचपर्यंत मोजायचं. तेवढ्यात पुष्कळदा मूल स्वतःच शब्द काढतं. नाहीच जमलं तर एकच इशारा द्यायचा: ‘पावसात रस्त्याला काय पडतं?’ तरीही अडलं, तर ‘खड्डा’ सांगायचं, त्याच्याकडून म्हणून घ्यायचं आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावायचं. ही शेवटची पायरी हमखास गळते. मग शब्द कळतो, पण वाक्याचा अर्थ हातून निसटतो.

हे तोंडी सांगून येत नाही. जोड्या लावण्याआधी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन बैठका घ्या. पहिलीत शिक्षकांनी एका मुलासोबत करून दाखवावं. दुसरीत मोठ्या मुलांनी आपापसात सराव करावा; एकाने मुद्दाम अडखळायचं, ‘रस्ता’ला ‘रसता’ म्हणायचं. तिसरीत खऱ्या धाकट्याबरोबर दहा मिनिटं, शिक्षक शेजारी. ‘एवढं पण येत नाही?’ हे वाक्य या सरावातच बाहेर पडतं आणि तिथेच थांबवता येतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे फक्त हुशार मुलं निवडणं. सातवीत असून स्वतः अडखळत वाचणाऱ्या मुलाला तिसरीचं पुस्तक उघडपणे हातात घ्यायला एरवी लाज वाटते. इथे ते घ्यायला त्याच्याकडे मानाचं कारण असतं. धाकट्यापुढे चुकू नये म्हणून तो धडा आदल्या दिवशी दोनदा वाचतो, आणि त्याचं स्वतःचं वाचन त्या तयारीत सुधारतं. अट एकच: तो धडा त्याला नीट वाचता आला पाहिजे. आदल्या दिवशी शिक्षकांनी ऐकून घ्यावा.

पुस्तक अवघड असेल तर चांगला दादाही हरतो. पहिले वीस शब्द वाचून घ्या. तीन किंवा जास्त ठिकाणी मूल अडलं, तर सोपं पुस्तक द्या.

आठवड्यातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं पुरे; पण खेळाच्या तासाला नको, नाहीतर दोघंही चिडून बसतात. दादाच्या वहीत तारीख, पुस्तकाचं नाव आणि अडलेले शब्द एवढंच असावं. शिक्षकांनी ती वही दर शुक्रवारी पाहावी. तोच शब्द तीनदा आला, तर तो शिकवायचं काम शिक्षकांचं. आणि पान कोरं असेल, तर बहुधा वाचन दादानेच केलेलं असतं. पुढच्या वेळी त्या जोडीजवळ जाऊन बसा.