"स्टँडसमोर, मार्केटजवळ" एवढंच सांगितलंय? मॅपवर शोधताना या चुका टाळा

कुणी फोनवर असा अर्धवट पत्ता सांगितला की सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फोन ठेवला की लगेच मॅपमध्ये "बस स्टँड ठाणे" टाकायचं आणि पहिला जो रिझल्ट येईल तोच धरून चालायचं. अहो, ठाण्यात एसटीचे स्टँडच तीन आहेत, स्टेशनजवळचा, वंदनाचा आणि खोपटचा, त्यात स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून टीएमटीची बस सुटते त्यालाही कितीतरी जण स्टँडच म्हणतात. मार्केटचंही तेच, कुणी जांभळी नाक्याला मार्केट म्हणतं, कुणी गावदेवीला.

समजा मावशी म्हणाली, "स्टँडच्या समोर, मार्केटजवळ, मिठाईच्या दुकानाच्या वर दवाखाना आहे". इथे "नीट पत्ता सांग ना" म्हणून काही होत नाही, तिला तो माहीतच नसतो. ती गेली कशी ते विचारा. स्टेशनवरून चालत की रिक्षाने? "चालत गं, पाच मिनिटं" म्हणाली तर खोपट बाद, वंदनाही बहुतेक बादच. मग विचारा, तलाव दिसला का मैदान? तलावपाळी दिसली असेल तर जांभळी नाक्याकडे बघा, मैदान म्हणाली तर गावदेवी. आणि ईस्टला उतरली का वेस्टला हे तर आधीच विचारून घ्या, कोपरीच्या बाजूला उतरली असेल तर वरचं सगळंच गंडलं.

दुसरी चूक "समोर" या शब्दाची. समोर म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे, की स्टँडमधून बाहेर पडल्यावर तोंडासमोर, की नुसतंच आसपास? सांगणाऱ्याच्या डोक्यात यातलं काहीही असू शकतं, म्हणून "रस्ता क्रॉस केलास का?" असं सरळ विचारायचं. तरी शंका राहिलीच तर दोन्ही बाजू बघा.

आणखी एक, स्टँडच्या पिनवरून अंतर मोजू नका. पिन बऱ्याचदा आवाराच्या मधोमध असते आणि माणूस गेटमधून बाहेर पडतो, मोठ्या डेपोत तेवढ्यानेच गल्ली चुकते. सॅटिसला तर अजून मजा, बस वरच्या डेकवर आणि रिक्षा खाली, मॅपवर दोन्ही एकावर एक.

आता मॅप त्या भागावर झूम करून ठेवा आणि मगच "स्वीट्स" सर्च करा, नाहीतर अख्ख्या ठाण्यातली दुकानं येतात. दोन-तीन दुकानं उरली की त्यांचे फोटो मावशीला पाठवा, बोर्डाचा रंग बघून ती लगेच सांगेल. फोटो जुना असेल तर दुकान बदललेलंही असू शकतं हं, अशा वेळी शेजारच्या एखाद्या दुकानाचा नंबर मॅपवर असतो, त्याला फोन करून "वर दवाखाना आहे का" विचारायचं.

नवी मुंबईत प्रॉब्लेम वेगळा, तिथे लोक नुसतं "सेक्टर १७" सांगतात पण सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये परत येतात, त्यामुळे आधी वाशी का खारघर ते विचारा, मार्केट नंतर.