सांबा, कालिया, सूरमा भोपाली: रोलवरून खऱ्या नावापर्यंत कसं पोहोचायचं

शोलेमधला सांबा कोण विचारलं की सगळ्यांना तो खडकावर बसलेला, "पूरे पचास हजार" म्हणणारा माणूस आठवतो, पण नाव विचारलं की गप्प. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून मी ज्या पद्धतीने शोधते ती सांगते.

आधी वहीत तीन रकाने करा, रोल, पडद्यावरचं नाव, खरं नाव. रोलपुढे सिनेमा आणि साल लिहायचंच, कारण नुसतं कालिया सर्च केलं तर १९८१ चा अमिताभचा सिनेमा येतो आणि आपला १९७५ चा कालिया राहतो बाजूला.

मग सिनेमा लावा आणि नावं येतात तिथे पॉज करा. अडचण अशी की जुन्या सिनेमात बरेचदा नुसती नावांची यादी असते, कोणी कुठला रोल केला ते नसतंच. अशावेळी यादीतलं एकेक नाव घ्यायचं आणि त्या नटाचा दुसरा सिनेमा बघून चेहरा जुळवायचा. विजू खोटे हे नाव घेतलं, १९९४ च्या अंदाज अपना अपना मधला रॉबर्ट पाहिला, की तोच चेहरा "सरदार, मैंने आपका नमक खाया है" म्हणताना दिसतो, म्हणजे कालिया सापडला. नुसत्या आवाजावर जाऊ नका, डबिंग दुसऱ्याचं असू शकतं.

खरं नाव सगळ्यात शेवटी. त्यासाठी निधनाच्या बातम्या आणि घरच्यांच्या मुलाखती बघायच्या, आणि दोन ठिकाणी सारखं नाव मिळालं तरच लिहायचं. विजू हे विठ्ठलचं लाडाचं रूप, पूर्ण नाव विठ्ठल बापूराव खोटे, आडनाव तेच राहिलं म्हणून सोपं गेलं. सूरमा भोपालीचं तसं नाही, पडद्यावर नुसतं जगदीप, आडनावच नाही, मग मुलाकडे बघायचं, जावेद जाफरी त्यांचा मुलगा, तिथून जाफरी हा धागा मिळतो आणि सय्यद इश्तियाक अहमद जाफरी हे नाव जुळतं. मुलाचं आडनाव फक्त धागा म्हणून धरायचं हं, पुरावा म्हणून नाही, कारण कित्येक घरात मुलं वडिलांचं पडद्यावरचं नावच आडनाव म्हणून लावतात.

आता सांबा. पडद्यावरचं नाव मॅक मोहन, खरं नाव मोहन माखिजानी. इथे गोंधळ होतो तो १९७८ च्या डॉनमुळे, त्यात त्यांच्या रोलचंच नाव मॅक आहे, त्यामुळे तो सिनेमा आधी पाहिलेल्याला मॅक हे नुसतं रोलचं नाव वाटतं आणि दोन रकाने एकमेकात मिसळतात. असं झालं की त्याच नटाचा तिसरा सिनेमा घ्या. रोल बदलला तरी जे नाव तसंच राहतं ते दुसऱ्या रकान्यात, बाकी सगळं पहिल्या.