टाइम-किल कर्व्ह काढताना: जीवाणू मेले की नुसते थांबले?

एमआयसी, म्हणजे जीवाणूंची वाढ थोपवणारी औषधाची किमान मात्रा, आपल्याला इतकंच सांगते, की अमुक एवढं अँटिबायोटिक घातलं तर ब्रॉथ, म्हणजे जीवाणू वाढवायचा पोषक द्रव, गढूळ होत नाही. आतले जीवाणू मेले, की जिवंत राहून नुसते वाट बघत बसले, हे त्या स्वच्छ नळीकडे पाहून कळत नाही. ते कळावं म्हणून ठरावीक तासांनी नमुना काढायचा, प्लेटवर पसरायचा आणि किती कॉलनी उगवतात ते मोजायचं. त्या आकड्यांचा आलेख म्हणजे टाइम-किल कर्व्ह.

निकालाची रेघ ठरलेली आहे. सुरुवातीला मिलिलिटरला सुमारे ५ लाख जीवाणू असतात. २४ तासांत ही संख्या किमान हजारपट खाली आली, म्हणजे ५०० किंवा त्याहून कमी झाली, तर त्या जीवाणूसाठी ते औषध बॅक्टेरिसायडल, म्हणजे मारणारं. घट तेवढी नसेल तर बॅक्टेरिओस्टॅटिक, म्हणजे थोपवणारं. हजारपट घट म्हणजेच तीन लॉग, म्हणजेच ९९.९ टक्के. हा ५०० चा आकडा लक्षात ठेवा, सगळा घोळ त्याच्याच आसपास होतो.

पाककृतीसारखी पायरी-पायरी देणारे बरेच लेख मी वाचले आहेत. त्यांत ब्रॉथ कसा बनवायचा यावर पानभर मजकूर असतो आणि औषध प्लेटवर वाहून जाण्याबद्दल एक ओळही नसते. म्हणून सोप्या गोष्टी मी झटपट उरकते.

सोपा भाग

हे काम बायोसेफ्टी लेव्हल २ च्या प्रयोगशाळेतच करायचं. उदाहरणासाठी स्टॅफिलोकोकस ऑरियसचा एटीसीसी २९२१३ हा नेहमीचा स्ट्रेन आणि लिनेझोलिड हे औषध घेऊ. आधी आपल्या हाताने एमआयसी काढा; आपल्या उदाहरणात ती २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर धरली आहे. कॅटायन-अॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथच्या १०-१० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये एमआयसीच्या १, ४ आणि १६ पट औषध घाला, एक फ्लास्क औषधाविना ठेवा. रात्रभर वाढवलेलं कल्चर थेट टाकू नका. ते ताज्या ब्रॉथमध्ये लॉग फेजपर्यंत, म्हणजे पेशी भरभर दुप्पट होत असतात त्या टप्प्यापर्यंत, वाढवून मगच मिलिलिटरला ५ लाखांवर आणा, कारण वाढ थांबलेल्या पेशींना पेनिसिलिनसारखी औषधं फारशी मारत नाहीत आणि आलेख उगाच सपाट येतो. फ्लास्क ३५ अंशांवर ठेवा आणि हलवताना द्रव काचेवर वरपर्यंत उडू देऊ नका. वर चिकटलेल्या पेशींना औषध लागत नाही आणि त्या नंतर खाली येऊन आकडा फुगवतात. नमुने ०, २, ४, ६ आणि २४ तासांना.

प्रत्येक नमुना सलाइनमध्ये दहा-दहापटीने पातळ करा आणि प्रत्येक पातळीचे १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा. ३० ते ३०० कॉलनींची प्लेट मोजा.

जिथे मी फसले तो भाग

पिपेटने नमुना उचलताना जीवाणूंबरोबर औषधही उचललं जातं. ते प्लेटवर पडतं आणि तिथेही काम चालूच ठेवतं. जिवंत पेशी असूनही कॉलनी उगवत नाही आणि आपण वहीत 'मेले' असं लिहितो. याला कॅरीओव्हर म्हणतात.

शिकत असताना मी हाच प्रयोग केला होता. प्लेट वाचवायच्या म्हणून पसरण्याऐवजी १०-१० मायक्रोलिटरचे थेंब ठेवले. २४ तासांचा १६ पटीचा नमुना तर पातळही केला नाही, कारण 'इतक्या औषधात काय उरणार' असं गृहीत धरलं होतं. दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी अगार स्वच्छ होतं, एकही कॉलनी नाही. मी लिहिलं: मिलिलिटरला १०० पेक्षा कमी, लिनेझोलिड सायडल. माझ्या मार्गदर्शक बाईंनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "दहापट पातळ केलेला थेंब कुठंय?" तो नव्हताच. प्रयोग पुन्हा केला. पातळ न केलेल्या थेंबात या वेळीही काही नव्हतं. दहापट पातळ केलेल्या थेंबात मात्र न मोजता येण्याइतकी गर्दी होती. शंभरपट पातळ करून पसरलेल्या प्लेटवर १२० कॉलनी आल्या, म्हणजे मिलिलिटरला १ लाख २० हजार जिवंत जीवाणू.

```
log10(500000 / 120000) = 0.62
```

घट एक लॉगसुद्धा नाही. माझ्या वहीतलं 'सायडल' औषध पक्कं स्टॅटिक होतं.

असं का झालं, ते साध्या हिशोबात दिसतं. १६ पट म्हणजे ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. १० मायक्रोलिटरचा थेंब सुमारे ८ मिलिमीटर व्यासाच्या जागेत बसतो. त्याखालचं ४ मिलिमीटर जाडीचं अगार जेमतेम ०.२ मिलिलिटर भरतं. म्हणजे औषध तिथे पूर्ण झिरपलं तरी ते २० पटच पातळ होतं आणि १.६ मायक्रोग्रॅम उरतं, जवळजवळ एमआयसीइतकं. झिरपायच्या आधी पृष्ठभागावर, जिथे पेशी बसलेल्या असतात, ते त्याहून बरंच जास्त असतं. हेच १०० मायक्रोलिटर पूर्ण प्लेटवर पसरले तर २० मिलिलिटर अगारमध्ये औषध अखेर २०० पट पातळ होतं. म्हणून मी ठाम सांगते: टाइम-किलसाठी थेंबाची पद्धत वापरू नका. औषध नसलेल्या फ्लास्कला ती चालेल, बाकी कुठेही नाही.

आता तो ५०० चा आकडा आठवा. मिलिलिटरला ५०० जीवाणू असतील तर पातळ न केलेल्या १०० मायक्रोलिटरमध्ये ५० कॉलनी येतात आणि दहापट पातळ केलेल्यात फक्त ५. पाच कॉलनींवर कुणी निकाल देऊ नये. म्हणजे सायडल की स्टॅटिक हे ज्या ठिकाणी ठरतं, तिथेच आपल्याला पातळ न केलेली, औषधाने भरलेली प्लेट वाचावी लागते. 'पातळ केलं की कॅरीओव्हर जातं' हा सल्ला संख्या जास्त असते तोवरच खरा आहे.

कॅरीओव्हर ओळखण्याची खूण प्लेटवरच असते. पातळ न केलेल्या प्लेटवर १२ आणि दहापट पातळ केलेल्यावर २८ कॉलनी दिसल्या, तर पहिली प्लेट खोटं बोलते आहे, कारण तिथे २८० च्या आसपास यायला हव्या होत्या. कॉलनी टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक असतील, किंवा जिथे पिपेट टेकवलं तिथे मोकळा डाग आणि कडेला दाटी असेल, तरी तोच अर्थ. बारीक कॉलनी आणखी एक रात्र ठेवून पुन्हा मोजा.

खुणेवर विसंबू नका, आधी चाचणी करा. मिलिलिटरला सुमारे १००० जीवाणू असलेलं सलाइन दोन नळ्यांत घ्या. एकीत प्रयोगातलं सर्वांत जास्त औषध घाला, दुसरीत तेवढंच साधं सलाइन. लगेच, अक्षरशः मिनिटाच्या आत, दोन्हींतले १०० मायक्रोलिटर पसरा. साध्या नळीच्या प्लेटवर शंभरेक कॉलनी येतील. औषधाच्या प्लेटवर त्यापेक्षा चतुर्थांशाहून जास्त कमी आल्या, तर तुमच्या पद्धतीत कॅरीओव्हर आहे. घाई यासाठी, की डॅप्टोमायसिन किंवा कोलिस्टिनसारखी औषधं काही मिनिटांत खरोखर मारतात आणि मग ती घट कॅरीओव्हरची की मारण्याची, हे वेगळं काढता येत नाही.

कॅरीओव्हर सापडलं तर उपाय दोन. सौम्य असेल तर १०० मायक्रोलिटरची प्लेटच्या मधोमध एकच रेघ ओढा, पंधरा-वीस मिनिटं द्रव अगारमध्ये जिरू द्या आणि मग रेघेला आडवं पसरा. पेशी औषध जिरलेल्या पट्ट्यातून बाहेर येतात. तेवढ्याने भागलं नाही तर नमुना ०.४५ मायक्रोमीटरच्या मेंब्रेन फिल्टरमधून गाळा, सलाइनने धुवा आणि फिल्टरच अगारवर ठेवा. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून धुणं मला पटत नाही. वरचं पाणी ओतताना पेशी जातात आणि ते नुकसान हुबेहूब 'मारल्यासारखं' दिसतं. उपाय कोणताही करा, वरची चाचणी त्याच पद्धतीने पुन्हा करा.

निकालाचा अर्थ किती ताणायचा

आलेख नीट आला की लोक लगेच औषधाच्या कपाळावर शिक्का मारतात. तसं करू नका. शिक्का औषधाचा नसतो, औषध आणि जीवाणू या जोडीचा असतो. क्लोरॅम्फेनिकॉल ई. कोलायला थोपवतं, पण न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसला मारतं. आपलं लिनेझोलिड स्टॅफिलोकोकससाठी स्टॅटिक, तर बहुतेक स्ट्रेप्टोकोकससाठी सायडल. शिवाय २.९ लॉग घट स्टॅटिक आणि ३.१ सायडल, ही रेघ आपण सोयीसाठी ओढलेली आहे. त्या दोन नळ्यांत फारसा फरक नसतो.

रुग्णाच्या शरीरात तर हा फरक आणखी पुसट होतो. वाढ थांबलेले जीवाणू उचलून नेणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे असतात, फ्लास्कमध्ये नसतात. स्टॅटिक आणि सायडल औषधांची थेट तुलना करणाऱ्या ५६ चाचण्यांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ४९ चाचण्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. 'स्टॅटिक म्हणजे दुबळं' असं शिकवणं म्हणूनच चुकीचं आहे, आणि एखाद्या प्लेटवरून कुणी स्वतःचं औषध बदलणं तर धोक्याचंच.

फरक जिथे खरोखर महत्त्वाचा ठरतो ती जागा म्हणजे हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग. झडपेवरच्या गुठळीत पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत, मारण्याचं काम औषधालाच करावं लागतं. एंटेरोकोकसला पेनिसिलिन एकटं बहुधा नुसतं थोपवतं. त्यात जेंटामायसिन घातलं की भिंत कमकुवत झालेल्या पेशीत ते आत शिरतं आणि जोडी मारू लागते, मात्र स्ट्रेनमध्ये जेंटामायसिनला उच्च पातळीचा प्रतिकार नसेल तरच. जोडीने २४ तासांत एकट्या जास्त प्रभावी औषधापेक्षा दोन लॉग जास्त घट केली, तर तिला सिनर्जी म्हणतात. अशा प्रयोगात फ्लास्कमध्ये दोन औषधं असतात, म्हणून कॅरीओव्हरची चाचणीही दोन्ही एकत्र घालून करा.

शेवटी वहीत 'सायडल' हा एकटा शब्द लिहू नका. मी असं लिहिते: एटीसीसी २९२१३, लिनेझोलिड ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, २४ तासांत ०.६२ लॉग घट, मोजणी शंभरपट पातळ केलेल्या प्लेटवरून, कॅरीओव्हर चाचणी त्याच दिवशी केली.