आतड्यात पिशव्या निघाल्या म्हणून तीळ-शेंगदाणे सोडलेत? या चुका टाळा

इंदूरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रसंग मी वारंवार पाहते. मोठं आतडं दुर्बिणीने तपासायच्या कोलोनोस्कोपीच्या अहवालात ‘डायव्हर्टिक्युलोसिस’ हा शब्द येतो आणि त्याच संध्याकाळी घरातली शेंगदाण्याची बरणी वरच्या फळीवर जाते. रामबागेतल्या एका काकांच्या घरी हे इतक्या टोकाला गेलं होतं की काकू आमटीची फोडणीसुद्धा गाळून घ्यायच्या. न जाणो, एखादी मोहरी पोटात जायची. काका ६३ वर्षांचे. शौचातून थोडं रक्त गेलं म्हणून तपासणी झाली. रक्त मूळव्याधीचं निघालं, पण मोठ्या आतड्याच्या डाव्या, शेवटच्या वळणात चार-पाच पिशव्याही दिसल्या. त्यानंतर आठ महिने त्यांनी तीळ, शेंगदाणे, पेरू, डाळिंब, टोमॅटो, वांगं, काकडी आणि भुट्टा यांतलं काहीही खाल्लं नव्हतं.

पहिली चूक: पिशवी असणं म्हणजेच आजार समजणं

मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात, तिथे स्नायूंचा थर जरा कमकुवत असतो. वय वाढतं, आतला दाब वाढतो आणि त्या जागी आतलं अस्तर बाहेरच्या बाजूला फुगून वाटाण्याएवढी पिशवी तयार होते. अशा पिशव्या नुसत्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत त्या सापडतात. यातल्या एखाद्या पिशवीला सूज आली, संसर्ग झाला, तर त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. पिशव्या असलेल्या शंभर माणसांत आयुष्यभरात पाचांपेक्षाही कमी जणांना अशी सूज येते.

दोन्ही ओळखू येतात वेगवेगळे. सूज आली की बहुधा ओटीपोटात डाव्या बाजूला दुखतं, तासन्‌तास एकाच जागी दुखत राहतं, दाबलं की वाढतं. जोडीला ताप असतो, मळमळ असते, रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं दिसतं. खात्री सीटी स्कॅनने होते. आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवायला हवी. आशियाई लोकांत या पिशव्या उजव्या बाजूलाही बऱ्याचदा असतात, त्यामुळे दुखणं हुबेहूब अपेंडिक्ससारखं वाटू शकतं.

काकांना यातलं काहीच नव्हतं. पोट फुगायचं, गुडगुडायचं, शौचाला तिसऱ्या दिवशी व्हायचं. ते त्याला ‘पिशवी दुखते’ म्हणायचे. ते बद्धकोष्ठ होतं, आणि ते कुठून आलं ते पुढे सांगते.

दुसरी चूक: बिया अडकतात म्हणून त्या बंद करणं

हा सल्ला खोडसाळ नाही, जुना आहे. अनेक वर्षं डॉक्टरच तो द्यायचे. पिशवीचं तोंड अरुंद, त्यात तिळाचा दाणा अडकेल, सूज येईल, असा तर्क होता. ऐकायला पटतो. पण त्याला पुरावा कधीच नव्हता, तो शोधायला गेल्यावर उलटंच दिसलं.

२००८ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या ४७ हजारांवर पुरुषांच्या खाण्याची नोंद १८ वर्षं ठेवली होती. त्या काळात ८०१ जणांना डायव्हर्टिक्युलायटिस झाला. जे आठवड्यातून किमान दोनदा शेंगदाणे-बदामासारखे दाणे खात, त्यांना तो महिन्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी झाला. पॉपकॉर्न खाणाऱ्यांतही धोका कमीच दिसला, आणि मक्याच्या दाण्यांनी तो वाढला नाही. २०२५ मध्ये जवळजवळ ३० हजार स्त्रियांच्या अभ्यासातही दाणे, बिया किंवा बियांसकट खाल्ली जाणारी फळं यांच्यामुळे धोका वाढलेला दिसला नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१५ पासूनच अशा रुग्णांना दाणे-पॉपकॉर्न सरसकट बंद करायला सांगू नका, असं म्हटलं आहे.

या अभ्यासांची मर्यादाही सांगते. ही निरीक्षणं आहेत, कुणाला मुद्दाम दाणे खायला घालून केलेला प्रयोग नाही. शिवाय २००८ च्या अभ्यासात आधीपासून हा विकार माहीत असलेले लोक घेतले नव्हते. म्हणून ‘शेंगदाण्याने सूज टळते’ असं मी कुणाला सांगत नाही. ‘त्याने सूज येते असं कुठेही दिसलेलं नाही’ एवढं मात्र ठामपणे सांगते.

नुकसान होतं ते सोडण्यामुळे. बियांच्या भीतीने काकांच्या ताटातून जवळजवळ सगळा चोथाच गेला होता. उरलं काय? ब्रेड, बिस्किटं, मऊ खिचडी. मी हिशेब मांडला तर दिवसाला दहा-बारा ग्रॅम तंतू निघाले, जेव्हा २५ ते ३० ग्रॅम हवेत. चोथा कमी म्हणून मळ कडक, आणि पुरेसे तंतू खाणाऱ्यांना सूज कमी येते हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे सांभाळायच्या नादात सांभाळणारी गोष्टच गेली होती.

तिसरी चूक: आजारपणातलं पथ्य जन्मभर चालवणं

सूज असताना पथ्य असतंच. पहिले दोन-तीन दिवस नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, मग मऊ भात, मुगाचं वरण, दही. तेव्हा दाणे-सालं नकोत, कारण सुजलेल्या आतड्याला विश्रांती हवी असते. बी अडकेल म्हणून नव्हे. दुखणं गेलं की हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचं. अपवाद एकच: वारंवार सूज येऊन आतडं अरुंद झालं असेल, तर चोथ्याचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

चौथी चूक: दाण्यांना घाबरणं आणि गोळ्या विसरणं

काकूंना मी औषधांची पिशवी आणायला सांगितली. त्यात गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक होतं, जवळजवळ रोजचं. “ताई, ती तर नुसती दुखण्याची गोळी आहे,” काकू म्हणाल्या. पण या जातीच्या वेदनाशामकांनी सूज आणि पिशवीतून रक्तस्राव, दोन्हींचा धोका वाढतो. त्यांच्या डॉक्टरांनी ती बदलून पॅरासिटामॉल दिलं. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. उरलेल्या अँटिबायोटिकचा कोर्सही मनाने सुरू करू नका. सौम्य सुजेत ते प्रत्येकाला लागतंच असं नाही.

तंतू एकदम वाढवणं हीही चूकच, त्याने पोट गच्च फुगतं. काकांना पहिल्या आठवड्यात फक्त रात्री एक चमचा इसबगोल आणि मोठा पेलाभर पाणी. दुसऱ्यात ब्रेडऐवजी ज्वारीची भाकरी. तिसऱ्यात बियांसकट अर्धा पेरू. चौथ्यात पोह्यांवर शेंगदाणे आणि डाळिंब परतले, नीट चावून खायचे एवढीच अट. सहाव्या आठवड्यात रोज साफ होऊ लागलं आणि ‘पिशवी’ दुखायची थांबली.

ताप, उलट्या, दगडासारखं कडक पोट, गॅसही न सरणं किंवा न दुखता भरपूर लाल रक्त जाणं, यांपैकी काहीही झालं तर पथ्याचा विचार करत बसू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा. आणि पहिल्यांदाच डायव्हर्टिक्युलायटिस झाला असेल, तर बरं वाटल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करून घ्या, गेल्या वर्षभरात ती तपासणी नीट झालेली नसेल तर. सीटीवर सूज म्हणून दिसलेली जागा क्वचित कॅन्सरची निघते.